वीस टक्के पंपिंगचं गणित

इको रिपोर्टवर ‘इजेक्शन फ्रॅक्शन २० टक्के’ असा आकडा येतो आणि नातेवाईक एकमेकांना सांगू लागतात, ‘पंपिंग वीसच टक्के राहिलंय.’ ऐकणाऱ्याला वाटतं, निरोगी हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा पाचवा हिस्साच आता शरीराला मिळतोय. तसं असतं तर तो रुग्ण पलंगावर बसून चहा मागू शकला नसता. हा आकडा नेमका काय सांगतो, हे वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षातलं, शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षेत येणारं एक गणित फार स्वच्छपणे दाखवतं.

निरोगी माणसाचा हृदयाचा डावा खालचा कप्पा भरतो तेव्हा त्यात साधारण १२५ मिलिलिटर रक्त असतं. आकुंचनानंतर ५० उरतं, म्हणजे एका ठोक्याला ७५ मिलिलिटर बाहेर पडतं. ७५ भागिले १२५ म्हणजे ६० टक्के, हेच इजेक्शन फ्रॅक्शन. मिनिटाला ७२ ठोके धरले तर मिनिटाभरात ५.४ लिटर रक्त फिरतं, आणि हे झालं कार्डियाक आउटपुट.

आता प्रश्नपत्रिकेतला रुग्ण घेऊ. कप्पा भरतो तेव्हा २०० मिलिलिटर, रिकामा होतो तेव्हा १६० मिलिलिटर, ठोके मिनिटाला ९०. एका ठोक्याला ४० मिलिलिटर बाहेर जातं आणि ४० भागिले २०० म्हणजे बरोबर २० टक्के. पण ४० गुणिले ९० केलं की मिनिटाला ३.६ लिटर येतात. ‘पंपिंग’ साठवरून विसावर आलं, तरी प्रवाह एक-तृतीयांशानेच घटला. टक्केवारी फसवते, कारण तिचा छेद बदललेला असतो. कप्पा १२५ वरून २०० पर्यंत ताणला गेलाय.

हा ताण म्हणजेच प्रीलोड. स्नायू आकुंचनाआधी जितका ताणलेला, तितका जोराने आकुंचन पावतो. म्युनिकमध्ये ऑटो फ्रँक यांनी १८९५ साली बेडकाच्या हृदयावर आणि लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९१४ च्या सुमारास कुत्र्यांच्या हृदयावर हे दाखवलं. हृदय दुबळं झालं की मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात, कप्प्यात जास्त रक्त साठतं, आणि बेचकीचं रबर जरा जास्त ओढावं तसा ठोका थोडा सावरतो.

मात्र या मदतीची किंमत जबर असते. दुबळ्या हृदयात ताण आणि जोर यांचा आलेख लवकरच सपाट होतो. रक्त कितीही भरा, ठोका चाळिशीच्या आसपासच घुटमळतो. वाढतो तो फक्त मागचा दाब. फुप्फुसाच्या धमनीत फुगा असलेली नळी सरकवून हा दाब अंदाजता येतो. जेरेमी स्वान आणि विल्यम गँझ यांनी ती नळी १९७० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये पुढे आणली. निरोगी माणसात हा दाब १२ मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. आपल्या रुग्णात तो २८ आहे. साधारण २५ च्या पुढे केशवाहिन्यांतून पाणी फुप्फुसात झिरपू लागतं, आणि आडवं झालं की दम लागतो. म्हणून लघवी वाढवणारं औषध दिलं की दम उतरतो, पण आलेखाच्या सपाट भागावरून मागे आल्यामुळे ठोक्याचं रक्त फारसं घटत नाही. ‘प्रीलोड कमी केला, म्हणजे आउटपुट कमी होणार’ असं निरोगी हृदयाचं उत्तर इथे लिहिलं की गुण जातात.

ताणाचा आणखी एक तोटा आहे. कप्पा गोल धरला, तर आकारमान १.६ पट झाल्यावर त्रिज्या सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. लाप्लासच्या नियमानुसार भिंतीची जाडी तीच राहिली, तर तोच रक्तदाब पेलायला भिंतीला १७ टक्के जास्त ताण सोसावा लागतो. म्हणजे वाढलेला प्रीलोड स्वतःच आफ्टरलोड, अर्थात रक्त बाहेर ढकलताना सोसावा लागणारा भार, वाढवतो.

या भाराचा दुसरा मोठा भाग असतो आक्रसलेल्या रक्तवाहिन्यांचा विरोध. रुग्णाचा रक्तदाब १०५/७५ आहे. खालच्या आकड्यात दोहोंमधल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की सरासरी दाब ८५ येतो. उजव्या वरच्या कप्प्यातला दाब १३ आहे. विरोध काढायला दोन्हींतला फरक, म्हणजे ७२, आउटपुटने, म्हणजे ३.६ ने, भागायचा. उत्तर २०. रुग्णालयात नेहमी वापरतात त्या एककासाठी ८० ने गुणलं की १६००. सर्वसाधारण आकडा ८०० ते १२०० असतो. विद्यार्थी इथे दोन ठिकाणी घसरतात: १३ वजा करायचे विसरतात, किंवा ३.६ लिटरऐवजी ३६०० मिलिलिटरने भागतात आणि उत्तर हजारपट लहान येतं.

पुढचा प्रश्न असा असतो की, रक्तवाहिन्या सैलावणारं नायट्रोप्रुसाइड शिरेतून दिल्यावर रक्तदाब ९५/६५ झाला, तर आउटपुटचं काय होईल? दाब उतरला म्हणून प्रवाहही उतरला असणार, हे पहिलं मनात येतं. पण बाकीचे आकडे वेगळंच सांगतात. कप्पा आता १८५ ला भरतो, १२५ ला रिकामा होतो, ठोका ६० मिलिलिटरचा, गती ८०. आउटपुट ४.८ लिटर. सरासरी दाब ७५, उजवीकडचा दाब ९, फरक ६६; ६६ भागिले ४.८ म्हणजे १३.७५, आणि ८० ने गुणून ११००. सरासरी दाब जेमतेम १२ टक्क्यांनी उतरला, विरोध ३१ टक्क्यांनी, आणि प्रवाह तिसऱ्या हिश्शाने वाढला.

हे कागदावरचंच गणित राहिलं नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये ६४२ पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९८६ मध्ये आला: रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या हायड्रॅलझीन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट या जोडीने मृत्यूंचं प्रमाण घटलं.

आउटपुट खरंच ३.६ होतं का, याची पडताळणीही प्रश्नातच दडलेली असते. अडॉल्फ फिक यांनी १८७० साली मांडलेली कल्पना साधी आहे. शरीराने मिनिटाला २५२ मिलिलिटर ऑक्सिजन वापरला. दर लिटर धमनीच्या रक्तात तो १९० मिलिलिटर होता, परतणाऱ्या रक्तात १२०. प्रत्येक लिटरने ७० दिला, म्हणून २५२ भागिले ७०, म्हणजे ३.६ लिटर. निरोगी माणसात हा फरक साधारण ५० असतो. रक्त सावकाश फिरतं तेव्हा पेशी प्रत्येक लिटरमधून जास्त ऑक्सिजन ओढून घेतात; रुग्ण बसून बोलू शकतो तो याचमुळे. जिना चढताना लागणारी शिल्लक मात्र आधीच वापरली गेलेली असते.

या गणिताला हद्द आहे. सरासरी दाब आधीच ६५ च्या घरात असेल, तर विरोध आणखी उतरवल्यावर मूत्रपिंडं आणि मेंदू उपाशी राहतात. आणि समजा कप्पा ८० ला भरला, ३५ ला रिकामा झाला, गती ८०, तर ठोका ४५ चा आणि आउटपुट पुन्हा तेच ३.६ लिटर. पण इको रिपोर्टवर ‘पंपिंग’ ५६ टक्के दिसेल आणि घरचे निर्धास्त होतील, जरी रुग्णाला तसाच दम लागत असला तरी. हा कप्पा दुबळा नसून ताठर आहे, नीट भरतच नाही. उच्च रक्तदाब असलेल्या उतारवयातल्या बायकांमध्ये हे चित्र बरंच दिसतं. अशा रुग्णाला तेच नायट्रोप्रुसाइड दिलं, तर रक्तदाब पहिल्या रुग्णापेक्षा जास्त घसरतो आणि ठोका मात्र फारसा वाढत नाही.