डेट कमांड तक्रार करत नाही

लिनक्सच्या काळ्या पडद्यावर `date` एवढंच टाइप केलं, तर वार, महिना, तारीख, वेळ आणि साल असं सगळं एका ओळीत येतं. माणसाला ते पुरतं. पण रोज रात्री हिशेबाच्या फाइलची प्रत काढायची आणि तिच्या नावात त्या दिवसाची तारीख घालायची, असं काम असेल, तर तारीख आपल्याला हव्या त्याच मांडणीत लागते. त्यासाठी कमांडपुढे अधिक चिन्ह द्यायचं आणि त्याला लागून टक्क्याच्या खुणेची अक्षरं लिहायची. `%Y` म्हणजे चार आकडी साल, `%m` म्हणजे महिना, `%d` म्हणजे तारीख. मध्ये आडव्या रेघा घातल्या, की त्या जशाच्या तशा छापल्या जातात.

```
date '+%Y-%m-%d'
2024-12-30
```

आपल्याकडे आधी दिवस, मग महिना, मग साल लिहायची रीत आहे आणि पत्रावर ती शोभतेही. फाइलच्या नावात मात्र तिचा उपयोग नाही. संगणक नावं डावीकडून अक्षर-अक्षर ताडून क्रम लावतो, त्यामुळे दिवस पुढे असला की बारा महिन्यांच्या एक तारखा एकापाठोपाठ येऊन बसतात. तिरक्या रेघांची मांडणी तर चालतच नाही, कारण लिनक्समध्ये तिरकी रेघ फोल्डर दाखवते. साल, महिना, दिवस हा क्रम आयएसओ ८६०१ या मानकातला आहे आणि तो इतका लागतो, की त्यासाठी `%F` असं एकच अक्षर दिलेलं आहे. अधिक चिन्ह विसरू नये. ते नसलं तर कमांड पुढचे आकडे घड्याळ लावायचा हुकूम समजते. साध्या वापरकर्त्याला तसं करायची परवानगी नसते म्हणून निभावतं, पण मुख्य प्रशासकाच्या खात्यातून `date 12301030` दिलं, तर घड्याळ खरोखर ३० डिसेंबर, साडेदहावर जातं.

इथवर सगळं सोपं आहे. खरी गंमत अशी, की मांडणीतलं अक्षर चुकलं तरी ही कमांड बहुधा चकार शब्द काढत नाही. अवतरण न घालता मध्ये मोकळी जागा सोडली तर ती जास्तीच्या शब्दाबद्दल कुरकुरते. एरवी बहुतेक अक्षरांना काही ना काही अर्थ आहे आणि तो ती इमानेइतबारे छापते.

महिन्याचंच घ्या. छोटं `%m` म्हणजे महिना, मोठं `%M` म्हणजे मिनिटं. समजा एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर रोज रात्री दोन वाजून पाच मिनिटांनी प्रत निघते आणि नाव ठरवताना मोठं अक्षर पडलं. मिनिटं रोज पाचच असतात, म्हणून महिन्याच्या जागी रोज `05` येतं. मे महिन्यात हे बरोबरच दिसेल. इतर महिन्यांतही नाव तारखेसारखंच दिसतं, पण फेब्रुवारीच्या सात तारखेची प्रत जानेवारीच्या सात तारखेच्या प्रतीवर बसते आणि मार्चची तिच्यावर. वर्ष संपतं तेव्हा ३६५ ऐवजी ३१ फाइली उरतात. जुनी प्रत शोधायची वेळ येईपर्यंत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

याहून कावेबाज चूक सालाची. `%Y` आणि `%G` ही दोन्ही अक्षरं चार आकडी साल देतात आणि वर्षातले बहुतेक सगळे दिवस तेच साल देतात. `%G` हे आठवड्यांच्या हिशेबातलं साल आहे. त्या हिशेबात आठवडा सोमवारी सुरू होतो, तो दोन वर्षांत विभागायचा नसतो आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात पडेल, त्या वर्षाच्या खात्यात सगळा आठवडा जातो. गुरुवार मधोमध येतो, म्हणजे ज्या वर्षात जास्त दिवस त्याचा आठवडा, असा साधा न्याय. २०२४ सालचा ३० डिसेंबर सोमवारी होता आणि त्या आठवड्याचा गुरुवार २ जानेवारी २०२५ रोजी आला. म्हणून:

```
date -d 2024-12-30 '+%G-%m-%d'
2025-12-30
date -d 2024-12-30 '+%G-W%V'
2025-W01
```

दुसरं उत्तर बिनचूक आहे, कारण `%G` ची जोडी `%V` या आठवड्याच्या आकड्याशी आहे. पहिलं उत्तर म्हणजे एक अख्खं वर्ष पुढे गेलेली तारीख. ही अडचण फक्त २९ ते ३१ डिसेंबर आणि १ ते ३ जानेवारी या दिवसांत येऊ शकते, तीही दरवर्षी नाही. २०२३ संपून २०२४ लागलं तेव्हा १ जानेवारीला सोमवारच होता, म्हणून चुकीचं अक्षर एक दिवसही उघडं पडलं नसतं. उलट १ जानेवारी २०२७ ला शुक्रवार आहे. त्या दिवशी `%G` अजून २०२६ च सांगेल, फाइलचं नाव `2026-01-01` होईल आणि बरोबर वर्षभरापूर्वीची प्रत पुसली जाईल. डिसेंबरातली चूक निदान भविष्यातली तारीख दाखवते आणि डोळ्याला खुपते. जानेवारीतली मागच्या मागे काम उरकते, म्हणून ती मला अधिक वाईट वाटते.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. २९ डिसेंबर २०१४ रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले तेव्हा, म्हणजे जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, ट्विटरच्या सर्व्हरांनी २०१५ साल सांगायला सुरुवात केली आणि अँड्रॉइड फोनवरचे असंख्य लोक आपापल्या खात्यांतून बाहेर फेकले गेले. त्या दिवशीही सोमवार होता आणि पुढच्या गुरुवारी १ जानेवारी. अनेक जाणकारांनी तेव्हा बोट ठेवलं ते याच आठवडी सालावर.

अक्षरं बरोबर असली तरी तारीख कुठल्या गावची, हा प्रश्न उरतोच. भाड्याचे सर्व्हर बहुधा जागतिक वेळेवर चालतात. आपल्या रात्री दोनला तिथे आदल्या दिवशीचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणून नावात कालची तारीख येते. उपाय कमांडच्या आधीच लिहायचा:

```
TZ=Asia/Kolkata date '+%F %H:%M %z'
```

यातही तोच मुकेपणा आहे. शहराच्या नावात एक `t` जास्त पडला तरी तक्रार येत नाही, जागतिक वेळ छापली जाते. म्हणून शेवटी `%z` घालून बघावं. `+0530` दिसलं तर ठीक, `+0000` दिसलं तर स्पेलिंग तपासावं. मराठी वार-महिन्यांचंही असंच. `LC_ALL=mr_IN.UTF-8` लिहून `%A, %-d %B` मागितलं तर पत्रावर शोभेल अशी मराठी तारीख मिळते, पण त्या यंत्रावर मराठीची माहिती बसवलेली नसेल तर मुकाट्याने इंग्रजी येते. ती आहे का, हे `locale -a` सांगतं.

मग तपासायचं कसं? आजच्या तारखेवर नाही, कारण आज सगळं बरोबर दिसण्याचीच शक्यता जास्त. `-d` या पर्यायाने हवी ती तारीख देता येते, तेव्हा जिचे सगळे आकडे वेगवेगळे आहेत आणि जी वर्षाच्या कडेला आहे अशी तारीख निवडावी.

```
date -d '2024-12-30 02:47:09' '+%Y-%m-%d'
```

इथे महिन्याऐवजी मिनिटं आली तर ४७ दिसेल, आठवडी साल आलं तर २०२५ दिसेल. आणि हीच मांडणी फाइलच्या नावासाठी रात्रीच्या वेळापत्रकात, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, थेट लिहायची असेल तर प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्यायची: `$(date +\%F)`. क्रॉनला टक्क्याची खूण म्हणजे ओळीचा शेवट वाटतो. ती रेघ राहिली तर कमांड अर्ध्यात तुटते, पण निदान तेव्हा शेल न मिटलेल्या कंसाची ओरड करतं आणि क्रॉनची टपाल व्यवस्था लावलेली असेल तर ती ओरड मेलपेटीत येऊन पडते.