निकाल वाढला, पण कोणामुळे?

महाराष्ट्रातल्या अनुदानित माध्यमिक शाळांत मुख्याध्यापकपद बहुधा सेवाज्येष्ठतेने मिळते. खासगी शाळांसाठीच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतच तशी तरतूद आहे, त्यामुळे तिथे अर्ज कसा लिहिला याला फारसे महत्त्व नसते. स्वयंअर्थसहाय्यित शाळा, इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि जाहिरात देऊन बाहेरून मुख्याध्यापक घेणाऱ्या संस्था यांचे तसे नाही. तिथे निवड समितीसमोर अर्जांचा गठ्ठा येतो आणि कोणाला मुलाखतीला बोलवायचे हे त्यातली दोन-तीन पाने ठरवतात.

या गठ्ठ्यातल्या बहुतेक अर्जांत एक वाक्य हमखास सापडते : ‘माझ्या कार्यकाळात शाळेचा दहावीचा निकाल लक्षणीयरीत्या उंचावला.’ पाठोपाठ शिक्षकांशी सौहार्दाचे संबंध आणि पालकांचा सक्रिय सहभाग येतो. उमेदवार हे खोटे लिहितो असे नाही. पण वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही, कारण निकाल कशामुळे वाढला, त्यात उमेदवाराने नेमके काय केले आणि शिक्षक व पालकांचा त्याच्याशी काय संबंध होता, हे त्या वाक्यात नाही.

आधी निकालाचे पाहू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. राज्य मंडळाचा दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर उतरला आणि २०२० मध्ये एकदम ९५.३० टक्क्यांवर गेला. मुले एका वर्षात बिघडली आणि पुढच्या वर्षी सुधारली, असे काही झाले नव्हते. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे गुण बंद होते, ते पुढच्या वर्षी परत आले. शिवाय २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२२ ची परीक्षा कमी केलेल्या अभ्यासक्रमावर झाली. म्हणजे २०१९ ते २०२२ या काळात ‘माझ्यामुळे निकाल अठरा टक्क्यांनी वाढला’ असे जवळजवळ कोणत्याही शाळेच्या प्रमुखाला लिहिता आले असते आणि त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत ते चुकीचे ठरले असते.

जाणकार निवड समितीला ही वर्षे माहीत असतात. उमेदवाराने २०१९ हे पायाभूत वर्ष धरले असेल, तर मुलाखतीतला पहिला प्रश्न तिथेच येतो. म्हणून तुलना २०२३ आणि त्यापुढच्या वर्षांची करावी. राज्याचा निकाल २०२३ मध्ये ९३.८३, २०२४ मध्ये ९५.८१ आणि २०२५ मध्ये ९४.१० टक्के होता. या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. सगळे राज्यच चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्क्यांच्या घरात असताना एखाद्या शाळेचे ‘९७ टक्के’ वाचणाऱ्याला फार काही सांगत नाहीत. दहावीला तीसच मुले असतील तर एका मुलाच्या पास-नापासाने निकाल तीन टक्क्यांहून जास्त हलतो. त्यामुळे उत्तीर्णांच्या टक्केवारीपेक्षा एखाद्या विषयात किती मुले मागे पडली होती आणि त्यांचे पुढे काय झाले, हे सांगणारा अर्ज जास्त बोलका ठरतो.

आता एक कल्पित पण अगदी शक्य असे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातली शाळा, दहावीच्या तीन तुकड्या. अर्ज करणारी बाई चौदा वर्षे गणित शिकवते आहे आणि जून २०२३ पासून पर्यवेक्षिका आहे. तिच्या जुन्या अर्जातही ‘निकाल उंचावला’ हेच वाक्य होते. नवा अर्ज लिहिताना तिने शाळेचा एकूण निकाल बाजूला ठेवला आणि एकच विषय घेतला. मार्च २०२३ मध्ये ११८ पैकी २२ मुले गणितात नापास झाली होती. २०२४ मध्ये १२१ पैकी १५ आणि २०२५ मध्ये ११९ पैकी ७.

आकडे चांगले आहेत, पण अजून ते तिचे नाहीत. त्या वर्षांत पेपरच सोपा आला असेल तर? यावर तिने शाळेतच पुरावा शोधला. त्याच तीन वर्षांत इंग्रजीत नापास होणाऱ्यांची संख्या जवळपास होती तशीच राहिली, हे तिने शेजारच्या रकान्यात लिहिले. सगळ्याच विषयांत घसघशीत वाढ झाली असती तर परीक्षा सैल झाली किंवा मुलांची बॅचच हुशार होती, असे म्हणता आले असते. एकाच विषयात फरक पडला, म्हणजे त्या विषयात काहीतरी केले गेले, असे म्हणायला आता जागा आहे.

याच ठिकाणी समितीतला अनुभवी माणूस आणखी एक प्रश्न विचारतो : नववीचा पट किती होता? काही शाळा कच्ची मुले नववीतच अडकवतात किंवा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगतात आणि मग दहावीचा निकाल चकचकीत दिसतो. हा प्रश्न विचारला जाण्याआधीच उत्तर अर्जात असावे. या बाईंनी लिहिले की २०२५ ला बसलेल्या ११९ मुलांची तुकडी जून २०२३ मध्ये नववीत १२५ ची होती. सहांपैकी चौघांनी पालकांच्या बदलीमुळे दाखला नेला, एक नववीत नापास झाला आणि एका मुलीची शाळा सुटली. दोनदा घरी जाऊनही ती परत आली नाही. ही शेवटची ओळ गाळण्याचा मोह होऊ शकतो. ती ठेवल्यामुळेच वरच्या सगळ्या आकड्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

मग शिक्षक. ‘शिक्षकांना प्रेरित केले’ हे लिहायला सोपे आणि तपासायला अशक्य. तिने प्रत्यक्षात केलेले काम साधे होते. पहिल्या घटक चाचणीनंतर गणिताच्या दोन्ही शिक्षकांसोबत बसून तिने प्रश्नवार गुण काढले. बीजगणितात मुले बऱ्यापैकी होती. भूमितीत प्रमेयाची सिद्धता आणि रचना हे प्रश्न मुले सोडूनच देत होती. गणिताचे दोन्ही भाग चाळीस-चाळीस गुणांचे असल्याने भूमिती सोडणाऱ्या मुलाला पास होणे अवघड जाते. तिने वेळापत्रक हलवून दोन्ही शिक्षकांचा बुधवारचा एक तास एकत्र मोकळा केला. त्या तासाला पुढच्या आठवड्याची भूमिती मिळून तयार व्हायची. वर्गनिरीक्षणाची सुरुवात तिने स्वतःच्या तासापासून केली : आधी दोघांनी तिचा तास पाहिला, मग तिने त्यांचे पाहिले.

इथे अर्जदार एक गोष्ट हमखास लपवतात, ती म्हणजे विरोध. दोघांपैकी ज्येष्ठ शिक्षकांना निरीक्षण म्हणजे हजेरी घेणे वाटले आणि पहिले सत्र त्यांनी तास पाहू दिला नाही. बाईंनी ते लिहिले, मात्र ओळख पटेल असे काही न लिहिता आणि तक्रारीचा सूर न लावता. पुढे काय झाले तेही लिहिले : दुसऱ्या सत्रात त्या शिक्षकांनीच रचनांचे तास घ्यायची जबाबदारी उचलली, कारण त्यांचा फळ्यावरचा हात सगळ्यांत चांगला होता आणि बाईंनी ते त्यांना सांगितले होते. मुख्याध्यापक शोधणाऱ्या संस्थेला नेमके हेच वाचायचे असते. आपल्या बाजूने नसलेल्या माणसाबरोबर हा उमेदवार कसा काम करतो, हे सौहार्दाचे दाखले देणाऱ्या दहा वाक्यांतून कळत नाही.

पालकांचा भागही याच धाग्यावर आला. दहावीच्या पहिल्या पालकसभेला १२१ पैकी ४१ पालक आले होते. सभा शनिवारी सकाळी अकराला असायची आणि शनिवार हा गावच्या बाजाराचा दिवस. शिक्षकांची नाराजी पत्करून सभा रविवारी संध्याकाळी नेली. पुढच्या वर्षी ११९ पैकी ८६ पालक आले. पण नुसती उपस्थिती वाढवून काय साधले? सभेत भाषणे बंद झाली. प्रत्येक पालकाला मुलाची भूमितीची उत्तरपत्रिका दाखवून दोनच गोष्टी मागितल्या : गैरहजेरी त्याच दिवशी शाळेला कळवायची आणि बुधवारी जादा तासाला मुलाला थांबू द्यायचे. मजुरीसाठी बाहेरगावी जाणाऱ्या पालकांच्या बाबतीत हे जमले नाही, हेही अर्जात आले. नापास झालेल्या सातांपैकी तिघे त्याच घरांतले होते.

स्वयंअर्थसहाय्यित शाळेसाठी अर्ज असेल तर पालकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लागते. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्कवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीसमोर येतो आणि त्या समितीचे अध्यक्षपद मुख्याध्यापकाकडे असते. म्हणजे एकीकडे संस्था आणि दुसरीकडे पालक, आणि मधल्या खुर्चीवर हा नवा माणूस. नाराज पालकांसमोर बसून एखादा निर्णय समजावल्याचा किंवा पालकांचे ऐकून तो बदलल्याचा एक तरी प्रसंग अर्जात असला पाहिजे. स्नेहसंमेलनाला पालकांनी गर्दी केल्याचे वर्णन इथे कामाला येत नाही.

हे सगळे लिहून झाल्यावर जुन्या वाक्याच्या जागी असा परिच्छेद उभा राहिला :

‘जून २०२३ मध्ये मी पर्यवेक्षिका झाले तेव्हा दहावीच्या गणितात ११८ पैकी २२ मुले नापास झाली होती. प्रश्नवार गुण काढल्यावर अडचण भूमितीत दिसली. गणिताच्या दोन सहकाऱ्यांसाठी मी वेळापत्रकात सामाईक तास काढला. भूमितीचे पाठ आणि जादा तास त्यांनी घेतले. पालकसभेची वेळ मी बदलली आणि गैरहजेरी त्याच दिवशी कळवण्याची पद्धत लावली. मार्च २०२५ मध्ये ११९ पैकी ७ मुले नापास झाली. नववीच्या पटाचा हिशेब सोबत जोडला आहे.’

या परिच्छेदात ‘मी’ आणि ‘त्यांनी’ नीट वेगळे आहेत. वेळापत्रक तिचे, शिकवणे सहकाऱ्यांचे. संस्था चौकशीसाठी जुन्या शाळेत फोन करते तेव्हा हीच वाटणी तपासली जाते, आणि सगळे श्रेय स्वतःकडे ओढलेला अर्ज त्या एका फोनने कोसळतो.

सोबत जोडायची कागदपत्रेही थोडीच असावीत : मंडळाकडून आलेल्या निकालपत्रकावरून केलेला तीन वर्षांचा एका पानाचा तक्ता, नववी ते दहावी पटाचा हिशेब आणि पालकसभांच्या उपस्थितीची नोंद. मुलांची नावे आणि बैठक क्रमांक सगळीकडून काढून टाकायचे. शिक्षकांच्या निरीक्षणाच्या नोंदी जोडायच्या नाहीत. त्या शाळेच्या आहेत, आणि ज्याने सहकाऱ्याची नोंद बाहेर नेली तो उद्या इथलीही नेईल, असा अर्थ समिती काढते.

अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात या बाईंनी नव्या शाळेचा निकाल किती टक्क्यांवर नेणार हे लिहिले नाही. तिथल्या मुलांची एकही उत्तरपत्रिका तिने पाहिलेली नव्हती. त्याऐवजी तिने लिहिले की निवड झाल्यास पहिल्या महिन्यात ती तीन वर्षांचे विषयवार निकाल आणि नववीचा पट पाहील, प्रत्येक शिक्षकाशी स्वतंत्र बोलेल आणि पहिल्या घटक चाचणीनंतर, कोणत्या एका विषयापासून सुरुवात करायची ते संस्थेला लेखी कळवेल.