खोलीगणिक मीटर, युनिटगणिक बिल

पीजी किंवा वसतिगृहाच्या इमारतीत बहुधा वीज कंपनीचा एकच मुख्य मीटर असतो आणि त्याचे बिल माणशी समान वाटले जाते. पंखा आणि एक दिवा वापरणाऱ्याने शेजारच्या खोलीतल्या एसीचे पैसे भरावेत, हा अन्याय टाळण्यासाठी प्रत्येक खोलीच्या वायरवर स्वतंत्र सब-मीटर बसवतात. हे मीटर मालकाचे खासगी असतात. महावितरणचे बिल मुख्य मीटरवरूनच येते.

समजा, पाच खोल्यांत दहा जण राहतात. मुख्य मीटरवर महिन्यात 1000 युनिट पडले आणि सगळे आकार धरून बिल आले 14,000 रुपये, म्हणजे सरासरी 14 रुपये युनिट. पाच सब-मीटरची बेरीज मात्र 800 निघाली. उरलेले 200 युनिट पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, वॉशिंग मशीन यांचे. त्यांचे 2,800 रुपये दहा जणांत वाटले, की माणशी 280. एसीच्या खोलीत 220 युनिट पडले, तर तिथल्या दोघांना प्रत्येकी 1,540 अधिक 280, म्हणजे 1,820 रुपये. साठ युनिटच्या खोलीत प्रत्येकी फक्त 700. समान वाटणीत दोघांनाही 1,400 भरावे लागले असते.

दर सरासरीचाच लावावा. घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटनंतर दर चढतो. मालकाने सर्वांना सर्वांत वरच्या टप्प्याचा दर लावला, तर बिलापेक्षा जास्त रक्कम जमा होते, आणि ते उघडपणे चुकीचे आहे. सब-मीटरचे रीडिंगही मुख्य मीटरच्या रीडिंगच्या दिवशीच घ्यावे, नाहीतर बेरीज कधीच जुळत नाही. कोणी मधेच राहायला आले किंवा सोडून गेले, तर त्या दिवशीचा आकडा दोघांसमोर लिहून ठेवावा.

खरा घोळ वायरिंगमध्ये होतो. जुन्या इमारतीत एका खोलीचा गीझर दुसऱ्या खोलीच्या वायरवर असू शकतो. त्यासाठी खोलीतले सगळे बंद करून मीटरचा लुकलुकणारा दिवा पाहावा. तो तरीही लुकलुकत राहिला, तर कुणाचा तरी भार त्या मीटरवर आहे. मग 1000 वॉटची इस्त्री लावावी. मीटरवर 3200 imp/kWh लिहिले असेल, तर इस्त्री तापत असताना दिवा मिनिटाला साधारण 53 वेळा लुकलुकायला हवा. दोन खोल्यांचे न्यूट्रल मीटरनंतर एकत्र जोडलेले असले, तर फेज आणि न्यूट्रलमधला प्रवाह सारखा राहत नाही. असा फरक ओळखणाऱ्या मीटरवर ‘अर्थ’चा दिवा लागतो, आणि काही मीटर दोहोंपैकी मोठा प्रवाह मोजून वापरापेक्षा जास्त युनिट दाखवतात. अशा वेळी मीटर बदलून उपयोग नाही; इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीची न्यूट्रल वायर वेगळी करून घ्यावी लागते.

एकाच खोलीतल्या दोघांत कोणी किती वापरले, हे मात्र सब-मीटर सांगू शकत नाही. ती वाटणी त्या दोघांनीच ठरवायची.