दहाव्या सेकंदाचा घाव
उपसा योजनेचं गणित : लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण रायझिंग मेनचा व्यास आणि घर्षण यांचा हिशेब केला. तो सगळा हिशेब पंप सुरळीत चालू आहे असं धरून होता. आज त्याच पाइपमधला पंप बंद पडणार आहे, तोही लाईट गेल्यामुळे. आपण हळूहळू व्हॉल्व्ह आवळून बंद करतो, तेव्हा सहसा काही होत नाही.

नमुन्याची योजना अशी. नाव-गाव काही नाही, पण पंचगंगेकाठी फिरलात तर अशी कुठेही सापडेल. नदीकाठी जॅकवेल, तिथून ४०० मिलिमीटर व्यासाचा, ६ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पाइप, लांबी १२०० मीटर. नदीच्या पातळीपासून वरचा हौद ६० मीटर उंच. पाणी सेकंदाला १.५ मीटर वेगाने चढतं. घर्षणासाठी साधारण ६ मीटर लागतात, म्हणजे पंपाला ६६ मीटरचा दाब द्यावा लागतो. (१० मीटर पाणी म्हणजे जवळपास १ किलो दाब, हे लक्षात असेलच.) पाइप आणि फ्लॅन्ज १०० मीटर दाबाच्या क्षमतेचे घेतलेत. कागदावर भरपूर वाव आहे.

यात एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे चढ. पाइप पहिल्या ५०० मीटरमध्येच ५२ मीटर चढतो आणि पुढचे ७०० मीटर माळावरून जवळजवळ सपाट जातो. चढ संपून सपाटी सुरू होते त्या जागेला आपण गुडघा म्हणू. पंप चालू असताना या गुडघ्यावर दाब किती असतो? पंपापाशी ६६ मीटर होता. त्यातले अडीच मीटर घर्षणात गेले आणि ५२ मीटर उंचीत गेले, उरले जेमतेम ११ मीटर. आजची सगळी गोष्ट या ११ मीटरांची आहे.

लाईट गेली. या आकाराच्या पंपाच्या फिरत्या भागात फारशी शिल्लक ऊर्जा नसते, त्याचा वेग अर्ध्या-पाऊण सेकंदात निम्म्यावर येतो. पाण्याला मात्र ही बातमी लगेच कळत नाही. दाब उतरल्याची लाट पाइपमधून सेकंदाला सुमारे ११०० मीटर वेगाने वर जाते. पाण्याचा किंचित दबण्याचा गुण आणि लोखंडाचा किंचित ताणला जाण्याचा गुण मिळून हा वेग ठरतो, म्हणून पीव्हीसीमध्ये तो बराच कमी असतो. लाट हौदाला लागून परत यायला २.२ सेकंद लागतात. पंप त्याच्या आतच गळाठतो, म्हणून या पाइपच्या हिशेबी त्याचं बंद पडणं 'अचानक'च ठरतं.

अचानक वेग बदलला की दाब किती बदलतो, याचं सूत्र रशियाच्या निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर १८९७-९८मध्ये केलेल्या प्रयोगांतून पक्कं केलं. लाटेचा वेग गुणिले पाण्याच्या वेगातला बदल, भागिले गुरुत्वत्वरण. आपल्या आकड्यांना तो बदल १६८ मीटर येतो. म्हणजे ६६ मीटरमधून १६८ मीटर वजा व्हायला बघतात! तसं होऊ शकत नाही. वातावरणाच्या दाबाखाली साधारण १० मीटर गेलं की पाण्याची वाफ होते आणि पाण्याचा स्तंभ तुटतो. कुठे तुटणार? जिथे दाब मुळातच कमी होता तिथे, गुडघ्यावर.

आता पाइपमध्ये पाण्याचे दोन तुकडे आहेत. चढावरचा खालचा तुकडा स्वतःच्या वजनाने पावणेदोन सेकंदांत थांबतो आणि पंपाजवळचा एनआरव्ही बंद होतो. माळावरचे ७०० मीटर पाणी मात्र तसंच पुढे धावत राहतं. हौदाची उंची आणि मागची पोकळी मिळून त्याला फक्त १८ मीटरचा लगाम आहे, त्यामुळे त्याला थांबायला साडेपाच सेकंद लागतात. मग तेच १८ मीटर त्याला मागे ओढतात. लाईट गेल्यापासून सुमारे दहाव्या सेकंदाला हे पाणी १.१ मीटर वेगाने पोकळी मिटवत खालच्या थांबलेल्या पाण्यावर आदळतं. टक्करीचा दाब झुकोव्स्कीच्या निम्मा, म्हणजे ६२ मीटर वाढतो. तो अर्ध्या सेकंदात बंद एनआरव्हीवर पोचतो आणि तिथे दुप्पट होतो. पोकळीच्या वेळचे ४२ अधिक १२४, म्हणजे १६६ मीटर. आपला पाइप १०० मीटरचा आहे.

म्हणून गॅस्केट फुटतं पंपघरात, पण आजार असतो अर्धा किलोमीटर वर. लाईट जाताना गुडघ्यावरच्या गेजचा काटा शून्याखाली जाऊन काही सेकंद तिथेच पडून राहिला आणि मग धाडकन आवाज आला, तर स्तंभ तुटला होता असं समजा. आवाज एक-दोन सेकंदांतच आला, तर दोष बहुधा उशिरा मिटणाऱ्या एनआरव्हीचा असतो.

उपाय निवडताना पहिली चूक होते ती पंपघरात रिलीफ व्हॉल्व्ह बसवून मोकळं होण्याची. तो फार तर घाव सौम्य करील, पोकळी त्याला दिसतही नाही. दुसरी चूक सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडीवर भरवसा ठेवण्याची. ही यंत्रं सुरू-बंद करताना उत्तम आहेत, पण लाईट गेल्यावर त्यांचीही लाईट गेलेली असते.

पंपापाशी हवेची टाकी, म्हणजे एअर व्हेसल बसवता येते. पण गुडघ्यावर पोकळी होऊ द्यायची नसेल तर पंपापाशी दाब ५० मीटरखाली जाता कामा नये, आणि तेवढ्यासाठी ढोबळ हिशेबाने १२-१३ घनमीटर हवा दाबाखाली साठवावी लागते. हवा पाण्यात विरघळत राहते, म्हणून कॉम्प्रेसर आणि त्याच्याकडे लक्ष देणारा माणूस लागतो. गावच्या संस्थेत दुसऱ्या वर्षी ती टाकी पाण्याने गच्च भरलेली असते, असा माझा अनुभव आहे.

मी इथे गुडघ्यावर एकमार्गी टाकी बांधीन. पाइपपेक्षा पाण्याची पातळी तीन मीटर उंच असलेली साधी उघडी टाकी, तळाशी एनआरव्ही. एरवी पाइपचा दाब जास्त, म्हणून तो बंद. दाब पडला की उघडतो आणि माळावरच्या पाण्यामागे पोकळीऐवजी पाणी भरतो. लगाम आता १८ऐवजी ५ मीटरचा, त्यामुळे पाणी सावकाश थांबतं, आणि परतू लागताच टाकीचा एनआरव्ही मिटतो. टाकीतून जाणारं पाणी दोन घनमीटरच्या आत, म्हणून पाच घनमीटरची टाकी पुरे. भरायला पाइपमधूनच छोटी लाइन आणि फ्लोट व्हॉल्व्ह.

मात्र पंपाकडच्या एनआरव्हीला यातून सुटका नाही. टाकी असताना खालचा तुकडा १.४ सेकंदांतच उलटू लागतो. झडप तेव्हापासून अर्धा सेकंद उशिरा मिटली, तर ६० मीटरची भर पडून दाब ११५ मीटरवर जातो. लोंबत्या दाराचा जुना एनआरव्ही इथे चालणार नाही, स्प्रिंगचा लवकर मिटणाराच हवा.

हे सगळे आकडे वहीवरचे आहेत, पाण्याला ताठ काठी समजून काढलेले. उपाय कोणता हे ठरवायला ते पुरतात, मापं पक्की करायला नाहीत. त्यासाठी लाटा मोजणारं सर्ज विश्लेषण करून घ्यावं लागतं. ईपानेट त्यासाठी चालत नाही, त्यात या लाटा नसतातच. आणि विश्लेषण करणाऱ्याला फक्त लांबी आणि दोन टोकांच्या पातळ्या देऊ नका, दर पन्नास मीटरवरची पातळी द्या. नुसती दोन टोकं दिली तर आपला गुडघा त्याच्या कागदावर उमटणारच नाही.