पेटंटचा कागद आणि दहा किलो कांदे

मी वढू बुद्रुकहून, बचत गटांची समन्वयक बोलतेय.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका गटाकडे एक विक्रेता कांदा वाळवायचं यंत्र घेऊन आला. यंत्रावर ठळक अक्षरांत ‘पेटंट’ लिहिलेलं होतं. किंमत म्हणाल तर गटाची सगळी बचत गेली असती. बायका म्हणाल्या, “ताई, सरकारनं पेटंट दिलंय म्हणजे यंत्र चांगलंच असणार की!” पण इसार द्यायच्या आधी त्यांनी मला बोलावलं, हे बरं केलं. मी विक्रेत्याकडून अर्जाचा नंबर मागून घेतला आणि तिथंच मोबाईलवर टाकला. पेटंट मिळालेलंच नव्हतं. नुसता अर्ज केलेला होता.

पेटंट मिळालं असतं तरी एक गोष्ट आधी समजून घ्या. पेटंट म्हणजे सरकारनं दिलेली चांगुलपणाची पावती नव्हे. कल्पना नवी आहे का, सहज सुचण्यासारखी तर नाही ना आणि ती बनवून वापरता येईल का, एवढंच पेटंट कार्यालय तपासतं. यंत्र किती वीज खाईल, माल विकला जाईल का, पैसे सुटतील का, हे तिथं कुणी पाहत नाही. ते आपणच पाहायचं असतं. त्यासाठी लागणारी बरीच माहिती त्याच कागदात असते, आणि तो कागद फुकट वाचायला मिळतो.

आता तो शोधायचा कसा? ipindia.gov.in या सरकारी संकेतस्थळावर InPASS नावाची शोधण्याची सोय आहे. तिथं अर्जाचा नंबर टाकता येतो. नंबर नसेल तर Title किंवा Abstract या रकान्यात इंग्रजीत onion आणि drying असे शब्द टाकायचे. इंग्रजीची अडचण असेल तर कॉलेजात जाणाऱ्या लेकीला किंवा भाच्याला शेजारी बसवा. एक लक्षात ठेवा, अर्ज साधारणपणे दाखल झाल्यापासून 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यामुळे अगदी ताजे अर्ज तिथं दिसणार नाहीत.

अर्ज सापडला की आधी तो कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहायचं. Published असेल तर तो फक्त प्रसिद्ध झालाय. Granted असेल तर पेटंट मिळालंय. Abandoned किंवा Withdrawn असेल तर अर्ज मध्येच सुटलाय. मिळालेलं पेटंट अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं टिकतं, पण त्यासाठी मालकानं दरवर्षी फी भरावी लागते. फी थकली की हक्क संपतो. मात्र तो परत मिळवायला मालकाला 18 महिन्यांची मुदत असते, म्हणून घाई करायची नाही. मुदत संपलेल्या किंवा सोडून दिलेल्या कागदातली रीत कुणालाही वापरता येते. फक्त त्यातल्या एखाद्या भागावर दुसऱ्या कुणाचं चालू पेटंट नाही ना, तेवढं पाहून घ्यायचं. पेटंट चालू असेल आणि मालक सरकारी संशोधन संस्था असेल, तर ठरलेली फी भरून परवाना घेता येतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांचे असे परवाने देण्यासाठी ‘अ‍ॅग्रीइनोव्हेट इंडिया’ ही सरकारी कंपनी आहे.

मग कागदाच्या आत शिरायचं. शेवटी ‘दावे’ असतात. मालकाचा हक्क तेवढ्यापुरताच असतो. त्याआधीच्या वर्णनात वस्तू कशी बनवायची ते सविस्तर लिहावंच लागतं, कायद्याची तशी अटच आहे. ते वर्णन वाचताना मी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला डोळ्यांसमोर ठेवते. पत्रा, जाळी, काच, पंखा एवढ्यावर भागत असेल तर गोष्ट आपल्या आवाक्यातली. परदेशातून आणायचा सुटा भाग लागत असेल तर तो बिघडल्यावर काय करायचं, हा प्रश्न आधी विचारायचा.

संशोधनाचा सारांश वाचताना माझी नजर आधी वजनावर जाते. प्रयोग शंभर ग्रॅमवर झालाय की शंभर किलोवर? शंभर ग्रॅम कांदा छान वाळला म्हणून क्विंटलभर तसाच वाळत नाही. थर जाड झाला की मधला माल ओलसर राहतो आणि त्याला बुरशी धरते. दुसरं म्हणजे, वाळलेला माल कोणत्या पिशवीत भरून किती महिने ठेवून पाहिला, ते दिलंय का? आणि तिसरं, कच्चा माल कोणता वापरला?

या तिसऱ्या प्रश्नानंच आमच्या गटाला वाचवलं. विक्रेत्यानं सोबत एका संशोधनाचा सारांश दिला होता. त्यात उतारा भरघोस दिसत होता. नीट वाचलं तर प्रयोग पांढऱ्या कांद्यावर झालेला, तोही खास वाळवणासाठी लावलेल्या जातीच्या. अशा कांद्यात विरघळलेला घन भाग 18 टक्क्यांपर्यंत जातो. आपल्याकडच्या लाल कांद्यात तो साधारण 12 टक्के असतो, बाकी सगळं पाणीच. म्हणजे सोललेल्या दहा किलो पांढऱ्या कांद्यातून पावणेदोन-दोन किलो माल मिळतो, तर लाल कांद्यातून सव्वा किलोच्या आसपास. शिवाय लाल कांद्याचे काप वाळल्यावर काळपट दिसतात, ते वेगळंच.

आम्ही कागदावर विसंबलो नाही. दहा किलो लाल कांदे घेतले. सोलून, शेंडा-बुडखा काढून साडेआठ किलो राहिले. पातळ काप करून, वर कापड बांधून, कडक उन्हात कडकडीत वाळवले. वजन भरलं किलोच्या जरा वर. कांदा दहा रुपये किलो धरला तरी किलोभर वाळवणात नव्वदएक रुपयांचा नुसता कांदा गेला. मजुरी, पिशवी, यंत्राचा हप्ता अजून धरायचाच आहे. विक्रेत्यानं मांडलेला नफा तिथंच विरघळला.

मग कांदा वाळवायचाच नाही का? तसं नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या सोबत्यांनी उन्हावर चालणारा ड्रायर बनवला. त्यात तापलेल्या काळ्या पत्र्यावरच काप पसरतात, त्यामुळं उष्णता खालूनही लागते. त्यांच्या ‘एस फोर एस’ कंपनीला 2023 मध्ये अर्थशॉट पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या बायका असे ड्रायर चालवतात. पण नीट पाहा, ही कंपनी नुसतं यंत्र देऊन थांबली नाही. वाळलेला माल ती परत विकत घेते आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना देते. पेटंटच्या कागदात यंत्र सापडतं, गिऱ्हाईक सापडत नाही. ते हाती असेल तेव्हाच तंत्र आपल्यासाठी तयार झालं म्हणायचं.

आमच्या गटानं इसार दिला नाही. बायकांनी दोन कामं वाटून घेतली आहेत. दोघी जणी राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयात जाऊन वाळवणाला चालणाऱ्या जातींची चौकशी करणार आहेत. बाकीच्या पुणे-नगर रस्त्यावरच्या हॉटेलांना विचारताहेत, की काळपट का होईना, पण रश्श्यासाठी वाळलेला लाल कांदा कोणत्या भावानं घ्याल? त्या भावाचा आकडा आला की मगच यंत्राची गोष्ट.

तुमच्या गटाकडे असं कुणी आलं, तर अर्जाचा नंबर मागा आणि दहा किलोचा प्रयोग आपल्या हातानं करा. येते मी. नमस्कार.