571 लिटरचे 1339 लिटर कसे झाले?

बँकेत कर्जासाठी जाणाऱ्या छोट्या उद्योगाच्या प्रकल्प अहवालात एक तक्ता असतोच. एका नगामागे खर्च किती, आणि महिन्याला किती माल विकला गेला की ना नफा ना तोटा ही पातळी गाठली जाईल, हे त्यात मांडलेले असते. पुष्कळदा अर्जदार हा तक्ता स्वतः करत नाही. अहवाल लिहून देणारा तो करतो आणि अर्जदार सही करतो. बेरीज-वजाबाकी चोख असते, त्यामुळे शंका येत नाही. पण तपासायची असते ती बेरीज नव्हे, तिच्यात घातलेली गृहीतके.

लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलाचे उदाहरण घेऊ. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 साली केंद्राची पीएमएफएमई योजना सुरू झाली. पात्र प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान असल्याने असे घाणे गावोगावी दिसू लागले. समजा, तालुक्याच्या गावी एक घाणा टाकायचा आहे. पुढचे भाव नमुन्यादाखल आहेत; प्रत्येकाने तिथे आपल्या बाजारातले भाव घालावेत.

अहवाल असे सांगतो. एका घाणीत 15 किलो दाणे, दिवसाला आठ घाण्या, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 3000 किलो दाणे. उतारा 45 टक्के, म्हणून 1350 लिटर तेल. दाण्याचा भाव किलोला 110 रुपये, त्यामुळे एका लिटरला 244 रुपयांचे दाणे लागतात. उरलेली पेंड किलोला 40 रुपयांनी विकून 49 रुपये परत येतात. निव्वळ कच्चा माल 195, बाटली-लेबल 15, वीज 5, एकूण 215 रुपये. छापील किंमत 320. म्हणजे प्रत्येक लिटरमागे 105 रुपये हाती. भाडे, दोन कामगार, व्याज, घसारा आणि किरकोळ मिळून महिन्याचा स्थिर खर्च 60,000 रुपये. त्याला 105 ने भागले की उत्तर येते 571 लिटर. क्षमतेच्या अवघ्या 42 टक्क्यांवर खर्च वसूल! बँकेचा अधिकारी आणि अर्जदार, दोघेही खूश.

आता पहिली शंका उताऱ्याची. शेंगदाण्यात मुळात साधारण 45 ते 50 टक्के तेल असते, आणि लाकडी घाण्याच्या पेंडीत त्यातले बरेचसे मागे राहते. पेंडीला गिऱ्हाईक मिळते तेही त्यामुळेच. म्हणजे 45 टक्के उतारा धरणे म्हणजे पेंड जवळपास कोरडी निघते असे म्हणणे. अहवालातच त्याची खूण सापडते: 45 टक्के तेल आणि 55 टक्के पेंड, बेरीज बरोबर शंभर. खडे-माती नाही, गाळ नाही, सांडलवंड नाही. जिथे तूट शून्य दिसते, तिथे आकडा कागदावर जन्मलेला असतो.

दुसरी गफलत त्यालाच चिकटलेली आहे. उतारा किलोत मोजला आणि विक्री लिटरमध्ये धरली. एक लिटर शेंगदाणा तेलाचे वजन सुमारे 910 ग्रॅम असते. आता निवळून गाळलेल्या तेलाचा उतारा 40 टक्के, पेंड 57 आणि तूट 3 धरून हिशेब केला, तर एका लिटरला 2.275 किलो दाणे लागतात. त्यांचे 250 रुपये, त्यातून पेंडीचे 52 वजा, निव्वळ 198. म्हणजे अहवालातल्या 195 पासून फार लांब नाही! दोन चुका उलट्या दिशेने गेल्या आणि एकमेकींना झाकून बसल्या. उत्तर पटण्याजोगे आले म्हणून रीत बरोबर होती असे म्हणता येत नाही, कारण उद्या यातली एकच चूक कोणी दुरुस्त केली तर सगळा तक्ता हलेल.

यावर उपाय सोपा आहे. ज्या बाजारातून माल घ्यायचा तिथलेच 15 किलो दाणे घेऊन चालू घाण्यावर जावे. आधी दाणे तोलावेत, मग पेंड, आणि काही दिवसांनी तेल निवळल्यावर तेल. त्या तीन वजनांवरून पहिली ओळ लिहावी. विजेचीही अशीच पडताळणी होते. तीन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने तासाला सव्वादोन युनिटच्या आसपास घेते आणि एका तासाच्या घाणीतून साडेसहा लिटर तेल निघते. दहा रुपये युनिट धरले तरी लिटरला साडेतीन रुपये होतात. अहवालातले 5 रुपये चालतील.

खरे भगदाड विक्रीच्या बाजूला आहे. 320 ही छापील किंमत; ती उद्योजकाच्या हातात पडत नाही. अहवालातलीच वर्षाची विक्री 40 लाखांच्या वर जाते, म्हणून जीएसटी नोंदणी आलीच. खाद्यतेलावर 5 टक्के कर आहे. तो काढला की थेट विक्रीत 305 रुपये उरतात. दुकानदाराने छापील किमतीवर 15 टक्के कमिशन घेतले, तर 259. निम्मा माल दुकानातून आणि निम्मा थेट गेला, तर सरासरी 282. खोके, वाहतूक आणि गळकी बाटली धरली की 15 रुपयांचे पॅकिंग 23 वर जाते. लिटरचा खर्च होतो 226, आणि हाती राहतात 56 रुपये, 105 नव्हे.

स्थिर खर्चात मालकाची मजुरी धरलेलीच नव्हती. दिवसभर घाण्यापाशी उभे राहणाऱ्या माणसाचे महिन्याला 15,000 धरले, तर स्थिर खर्च 75,000 होतो. त्याला 56 ने भागून येतात 1339 लिटर. आणि 40 टक्के उताऱ्याने हा घाणा महिनाभर एकदाही न थांबता चालला, तरी तेल निघते 1319 लिटर. म्हणजे सगळे तेल विकले गेले तरी धंदा तोट्यातच.

कर्जाचे मुद्दल याच्या बाहेर आहे. ते नफा-तोट्यात खर्च म्हणून येत नाही, पण खात्यातून दरमहा जाते. आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांत फेडायचे, तर मुद्दलाचेच महिन्याला 13,333 रुपये होतात. उलट 6,000 रुपयांचा घसारा हा कागदी खर्च. तो खिशातून जात नाही. म्हणून रोख पैशाची पातळी वेगळी काढावी लागते. इथे ती 1470 लिटर येते.

याचा अर्थ घाणा टाकूच नये असा नाही. सगळा माल थेट गिऱ्हाइकाला विकला, तर लिटरमागे 79 रुपये राहतात आणि पातळी 949 लिटरवर येते, म्हणजे क्षमतेच्या 72 टक्के. हे अवघड आहे, अशक्य नाही. मात्र दाण्याचा भाव दहाच रुपयांनी चढला, की लिटरचा खर्च 23 रुपयांनी वाढतो आणि तीच पातळी पुन्हा 1339 वर जाते. खरिपाचा माल बाजारात येतो तेव्हाचा भाव आणि उन्हाळ्यातला भाव यांत एवढा फरक सहज पडू शकतो. त्यामुळे हंगामात दाणे भरून ठेवायला लागणारे खेळते भांडवल प्रकल्पखर्चात धरले आहे की नाही, हेही याच टप्प्यावर पाहायला हवे.

सही करण्यापूर्वी अर्जदाराने हा तक्ता तीनदा मांडावा: आजच्या भावाने, दाणे दहा रुपयांनी महाग धरून, आणि निम्मा माल दुकानातून जाईल असे धरून. तिन्हींतला सर्वांत वाईट आकडा घाण्याच्या क्षमतेपेक्षा मोठा निघाला, तर विक्रीची व्यवस्था किंवा किंमत बदलेपर्यंत यंत्राची आगाऊ रक्कम देऊ नये.