फाँटचे नाव न घेता: फेडएक्सच्या अक्षरांचे वर्णन

वेगळे चित्र न जोडता कंपनीचे नावच खास वळणाच्या अक्षरांत मांडले की त्या बोधचिन्हाला वर्डमार्क म्हणतात. त्याचे वर्णन करताना अनेकजण फाँटचे नाव सांगून मोकळे होतात. अमेरिकेतील फेडएक्स या कुरिअर कंपनीच्या वर्डमार्कपुढे मात्र ही सवय अपुरी पडते. लँडॉर संस्थेतील लिंडन लीडर यांनी १९९४ मध्ये तो घडवला, तेव्हा युनिव्हर्स आणि फ्युचुरा या दोन फाँटांचे गुण एकत्र करून त्यांनी अक्षरे नव्याने आखली. दोन्ही नावे कळली तरी प्रत्यक्ष अक्षर डोळ्यांपुढे उभे राहत नाही.

वर्णनाची सुरुवात आकारापासून करावी. पाच अक्षरांपैकी पहिले एफ आणि चौथे ई ही कॅपिटल आहेत, बाकीची स्मॉल. रेषांच्या टोकांना आडवे फाटे नाहीत. कॅपिटल अक्षरांच्या आडव्या दांड्या सरळ, उभ्या कापलेल्या आहेत. सर्वांत महत्त्वाची खूण उंचीची आहे. स्मॉल ई आणि एक्स नेहमीपेक्षा उंच असल्याने कॅपिटल अक्षरांपुढे ती खुजी वाटत नाहीत.

मग जाडी. नुसते ‘ठळक’ म्हणून भागत नाही, कारण ठळकपणाला अनेक पायऱ्या असतात. जाडी नेहमी अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागेशी ताडून सांगावी. इथे रेषा इतक्या भरदार आहेत की कॅपिटल ईच्या दोन दांड्यांमध्ये अरुंद पट्टीच उरते.

अंतराकडे आले की आधीच्या दोन्ही गोष्टींचे कारण उलगडते. अक्षरे दाटीने बसवलेली आहेत आणि शेवटचे ई व एक्स एकमेकांना भिडले आहेत. ईच्या मधल्या व खालच्या दांडीमधली पट्टी आणि एक्सच्या डाव्या बाजूची खाच मिळून उजवीकडे रोखलेला पांढरा बाण तयार होतो. पट्टी हा त्याचा दांडा आणि खाच हे टोक. रेषा बारीक केल्या तर पट्टी रुंदावते आणि दांडा टोकाच्या मानाने फार जाड होतो. एक्स बुटका केला तर त्याचा वरचा कोपरा ईच्या मधल्या दांडीपर्यंत पोहोचत नाही. दोन अक्षरांत फट ठेवली तर बाणाची कड उघडी पडते. म्हणून ‘अक्षरे जवळजवळ’ हे वर्णन इथे चुकीचेच ठरेल. ‘भिडलेली’ असेच लिहायला हवे.

वर्णन जमले की नाही हे तपासण्याची उत्तम रीत म्हणजे मूळ चिन्ह न दाखवता ते वाचून दुसऱ्याला रेखाटायला सांगणे. ‘आधुनिक’, ‘दमदार’ असे शब्द वाचून कुणालाही रेघ ओढता येत नाही. रेखाटनात बाण आपोआप उमटला, तर उंची, जाडी आणि अंतर नीट सांगितले गेले असे समजावे. वळणांचा नेमका बाक मात्र शब्दांत पकडता येत नाही. छपाईसाठी मूळ आरेखनच लागते.